टोपोशीटवर मोजलेलं अंतर आणि जीपीएसचं अंतर जुळत नाही. प्रमाणात कुठे चुकतंय?

डोंगरवाट
भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटची पीडीएफ उतरवून घेतली आहे. शीट १:५०,००० ची, अक्षांश १८°३०′ ते १८°४५′. त्यातला खालच्या कडेचा हवा तेवढा भाग, तळातल्या प्रमाणपट्टीसकट, A3 मापात कापला आणि घरच्या प्रिंटरवर A4 कागदावर छापला. पायथ्याचं गाव ते वरची खिंड हे सरळ रेषेतलं अंतर पट्टीने ६.४ सेंमी भरतं. १ सेंमी म्हणजे ५०० मीटर, म्हणून ३.२ किमी. पण मोबाइलमधलं जीपीएस त्याच दोन बिंदूंमधलं सरळ अंतर ४.५ किमी दाखवतं, आणि चालून झालेलं अंतर ७.२ किमी. चढ ६२० मीटरचा आहे. सव्वा किलोमीटरचा फरक मोजण्यातल्या चुकीने पडेल असं वाटत नाही. नकाशाच चुकीचा आहे का?

उतारपाणी
नकाशा बरोबर आहे. नकाशावरचं अंतर आडवं असतं, तुम्ही चालता ते तिरकं, म्हणजे कर्ण. सह्याद्रीत चढ असला की एवढा फरक पडणारच.

डोंगरवाट
पण ४.५ हे जीपीएसने दाखवलेलं सरळ अंतर आहे, चाललेलं नाही. दोन बिंदूंच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेलं.

नकाशेवाला
उतारपाणी, कर्ण मांडून बघा ना. पाया ३.२ किमी आणि उंची ०.६२ किमी. ३.२ चा वर्ग १०.२४, ०.६२ चा वर्ग ०.३८, बेरीज १०.६२, वर्गमूळ ३.२६. म्हणजे ६० मीटर वाढले. इथे १३०० मीटर कमी पडतायत. चढाचं नंतर बघू.

डोंगरवाट, एक काम करा. प्रिंटच्या तळाशी जी प्रमाणपट्टी छापली गेली आहे, तिच्यावर शून्यापासून ५ किमीच्या खुणेपर्यंतची लांबी साध्या पट्टीने मोजून सांगा. किती सेंमी भरते?

डोंगरवाट
७.१ सेंमी. दोनदा मोजली.

नकाशेवाला
मग उत्तर त्यातच आहे. १:५०,००० ला ५ किमीची पट्टी बरोबर १० सेंमी यायला हवी. तुमची ७.१ आली, कारण A3 चं पान A4 वर बसवताना प्रिंटरने ते साधारण ७१ टक्के केलं. पट्टीजवळ छापलेलं १:५०,००० मात्र जसंच्या तसं राहिलं. ते नुसते आकडे आहेत, कागद लहान झाला म्हणून अक्षरं बदलत नाहीत. प्रमाणपट्टी हे चित्र आहे, ते नकाशाबरोबरच आक्रसतं. शाळेत अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण असे प्रकार पाठ करून घेतात, त्यांच्यातला कामाचा फरक एवढाच.

भटका_विमुक्त
म्हणजे नवीन प्रमाण ५०,००० गुणिले ०.७१, ३५,५००. १ सेंमीला ३५५ मीटर.

नकाशेवाला
उलटं झालं. तुमच्या हिशोबाने ६.४ सेंमीचे २.२७ किमी होतात, म्हणजे उत्तर जीपीएसपासून आणखी लांब गेलं. चित्र लहान झालं की प्रत्येक सेंटिमीटरमध्ये जमीन जास्त मावते, म्हणून खालची संख्या वाढली पाहिजे. गुणायचं नाही, भागायचं: ५०,००० ÷ ०.७१ = ७०,४२३.

टक्केवारीच्या वाटेलाच गेलं नाही तर हा घोळ होत नाही. पट्टीवरून थेट काढा. ७.१ सेंमी म्हणजे जमिनीवरचे ५ किमी, मग १ सेंमी म्हणजे ५ ÷ ७.१ = ०.७०४ किमी. अंकप्रमाण हवंच असेल तर ५ किमीचे सेंमी करा, म्हणजे ५,००,०००, आणि त्याला ७.१ ने भागा. तेच ७०,४२३ येतात.

आता तुमचं अंतर: ६.४ × ०.७०४ = ४.५१ किमी. जीपीएसशी जुळलं.

प्रिंटवरचं १:५०,००० पेनाने खोडून तिथे ‘१ सेंमी = ०.७ किमी’ लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी परत ५०० ने गुणाल. आणि पुन्हा छापाल तेव्हा भाग A4 मापातच कापा आणि प्रिंटच्या खिडकीत `Fit` ऐवजी `Actual size` निवडा. तरीही पट्टी मोजाच. काही प्रिंटर समास सोडण्यासाठी `Actual size` मध्येही पान दोन-तीन टक्के लहान करतात.

भटका_विमुक्त
हो, उलटंच केलं होतं. भागायचं, कळलं.

सुमेधा_क
प्रमाणपट्टी हाताशी असताना सेंमी आणि भागाकार हवेतच कशाला? मी मुलांना कागदाच्या पट्टीने करायला लावते. कोऱ्या कागदाची सरळ कड दोन्ही बिंदूंना टेकवायची, दोन खुणा करायच्या आणि तोच कागद प्रमाणपट्टीवर ठेवायचा. मात्र माझ्या वर्गात नेमकी एक चूक दर वर्षी होते: मुलं पट्टीच्या डाव्या टोकापासून मोजतात. बऱ्याच नकाशांवर शून्य डाव्या टोकाला नसतं. शून्याच्या डावीकडे १ किमीचा एक तुकडा असतो, त्याचे बारीक भाग केलेले असतात, आणि त्यावरचे आकडे उजवीकडून डावीकडे वाढतात. टोकापासून मोजलं की उत्तरात बरोबर १ किमीची चूक.

डोंगरवाट
माझ्या पट्टीवरही डावीकडे तसा तुकडा आहे. मला वाटलं शोभेचा आहे. तो वापरायचा कसा?

सुमेधा_क
उजवी खूण पूर्ण किलोमीटरच्या अशा रेघेवर ठेवायची की डावी खूण शून्याच्या डावीकडे, त्या बारीक भागांत पडेल. तुमच्या ६.४ सेंमीसाठी उजवी खूण ४ वर ठेवून बघा. ५ वर ठेवली तर डावी खूण शून्याच्या उजवीकडेच राहील, तिथे बारीक भाग नाहीत. ४ वर ठेवली की डावी खूण शून्याच्या पलीकडे जाईल, १००-१०० मीटरच्या पाचव्या रेघेवर. उजवीकडचे ४ किमी आणि डावीकडचे ५०० मीटर, एकूण ४.५ किमी. कुठेही गुणाकार नाही, आणि प्रिंट किती टक्क्यांची आहे हे माहीत असायचीही गरज नाही.

नकाशेवाला
+१. फक्त वाचन किती बारीक घ्यायचं याला मर्यादा आहे. या प्रिंटवर १०० मीटर म्हणजे दीड मिलिमीटरही नाही. पेन्सिलची खूणच अर्धा मिमी जाड असते, म्हणजे ३५ मीटर. गणकयंत्रावर ४.५०७ दिसलं तरी ४.५ च म्हणायचं, शेवटच्या ७ ला अर्थ नाही.

कोकणकडा७
मी तर प्रिंट काढतच नाही, मोबाइलवर पीडीएफ उघडून स्क्रीनला पट्टी लावतो. त्यात १:५०,००० चालेल का?

नकाशेवाला
नाही. दोन बोटांनी झूम केलंत की प्रमाण बदललं. पीडीएफ ‘१०० टक्के’ वर ठेवली तरी स्क्रीनवरचा सेंमी खरा असेलच असं नाही, कारण ॲपला तुमच्या स्क्रीनचा आकार नेमका ठाऊक असतोच असं नाही. स्क्रीनवर फक्त रेषाप्रमाण वापरायचं, आणि तेही त्याच झूमवर.

आणि नेहमीचे वेब नकाशे पूर्ण भारताचे छापून घेतले तर तिथे पट्टीही फसवते. त्या नकाशांत उत्तरेकडे जाताना चित्र ताणत जातं. कन्याकुमारीजवळ १ सेंमीला १०० किमी असतील तर त्याच कागदावर श्रीनगरपाशी १ सेंमीला साधारण ८४ किमीच असतात. एका टोपोशीटपुरत्या भागात याची चिंता नको.

बांधकरी
प्रमाणाचंच चाललंय म्हणून इथेच विचारतो. आमच्या गावच्या जुन्या नकाशावर ‘१ इंच = १० साखळी’ असं लिहिलंय. आमचा गट जवळजवळ आयताकृती आहे, दीड इंच लांब आणि १.२ इंच रुंद. याचे गुंठे कसे काढायचे? सातबाऱ्यावर क्षेत्र १ हेक्टर ८२ आर आहे.

भटका_विमुक्त
साखळी म्हणजे ६६ फूट. १० साखळी म्हणजे ६६० फूट. लांबी ९९० फूट, रुंदी ७९२ फूट. गुणाकार ७,८४,०८० चौरस फूट. गुंठ्याचे १०८९ चौरस फूट, म्हणजे ७२० गुंठे. १८ एकर! काका, सातबाऱ्यावर बरंच कमी लागलंय.

बांधकरी
१८ एकर? गावात ऐकलं तर हसतील. साडेचारच्या आसपास आहे.

मोजणीदार_निवृत्त
भटका_विमुक्त, ६६ फुटी साखळी खरी आहे, पण ती गुंटरची, १०० कड्यांची. आपल्याकडे जमीन मोजणीत ३३ फुटांची, १६ आण्यांची साखळी चालत आली. गुंठा तिच्यावरूनच बेतलेला: एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे ३३ × ३३ = १०८९ चौरस फूट, एक गुंठा. तुम्ही गुंठ्याचे फूट ३३ च्या साखळीचे धरले आणि नकाशा ६६ च्या साखळीने वाचला.

बांधकरी, तुमचा हिशोब फुटांत न जाताच होतो. १ इंचाला १० साखळी, म्हणून दीड इंचाच्या १५ साखळ्या आणि १.२ इंचाच्या १२ साखळ्या. १५ × १२ = १८० गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणून ४ एकर २० गुंठे. गुंठ्याचे १.०१२ आर धरले तर १८२ आर, म्हणजे १ हेक्टर ८२ आर. सातबाऱ्याला धरूनच आहे.

याचं अंकप्रमाण काढायचं तर १० साखळ्यांचे ३३० फूट, त्यांचे ३९६० इंच, म्हणून १:३९६०. साखळी ६६ ची असती तर १:७९२० झालं असतं. अंतरात दुप्पट, पण क्षेत्रात चौपट. म्हणून नकाशावर साखळी कोणती हे लिहिलेलं नसेल, तर क्षेत्र माहीत असलेला एखादा गट दोन्ही साखळ्यांनी काढून बघायचा. चौपटीचा फरक असल्यामुळे कोणती बरोबर हे लगेच दिसतं.

बांधकरी
दोन साखळ्या असतात हेच माहीत नव्हतं. आता शेजारच्या गटाशी बांधावरून वाद आहे. नकाशात बांध २ मिमी आमच्या बाजूला सरकवल्यासारखा दिसतो. झेरॉक्स दाखवून सांगता येईल का?

मोजणीदार_निवृत्त
नाही. १:३९६० ला २ मिमी म्हणजे जवळजवळ ८ मीटर, ऐकायला बरंच वाटतं. पण तुमच्या हातात झेरॉक्स आहे. समजा झेरॉक्स ९७ टक्के निघाली. दीड इंचाची लांबी जेमतेम १.१ मिलिमीटरने कमी दिसेल, डोळ्याला कळणारही नाही. क्षेत्र मात्र ०.९७ × ०.९७ म्हणजे ९४ टक्केच भरेल, १८० चे १६९ गुंठे. ११ गुंठे नुसत्या यंत्राने खाल्ले. कागद वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेला असेल तर त्यात आणखी भर. प्रमाणाने अंदाज घ्यावा, हद्द ठरवायची तर मोजणीचा अर्ज करावा.

उतारपाणी
मूळ प्रश्नाकडे येऊ. सरळ अंतर ४.५ जुळलं, पण चाललेलं अंतर ७.२ आहे. तिथे तरी माझा कर्ण लागू होईल ना?

नकाशेवाला
होईल, पण थोडाच. डोंगरवाट, पायवाटेच्या तुटक रेषेवर दोरा ठेवून लांबी मोजा. दोरा न ताणणारा घ्या, शिवणाचा चालेल, लोकर नको. वळणावर नखाने दाबत जा, कोपरे कापू नका.

डोंगरवाट
दोरा ९.२ सेंमी भरला. दुसऱ्यांदा ९.३.

नकाशेवाला
९.२ धरू. ९.२ × ०.७०४ = ६.४८ किमी. आता चढ. पूर्ण वाटेवर ६२० मीटर समान पसरला असं धरलं तर ६.४८ चा वर्ग ४१.९९, त्यात ०.३८ मिळवून वर्गमूळ ६.५१. फक्त ३० मीटर वाढले. पण चढ तसा पसरलेला नसतो. समोच्चरेषा बघा: गावापासून पदरापर्यंत विरळ आणि शेवटी एकदम दाट असतील.

डोंगरवाट
हो, जवळजवळ सगळा चढ शेवटच्या २.१ सेंमीत आहे.

नकाशेवाला
२.१ सेंमी म्हणजे दीड किमी. तेवढ्यात ६२० मीटर चढलात. १.५ चा वर्ग २.२५, अधिक ०.३८, वर्गमूळ १.६२. इथे १२० मीटर वाढले. बाकीची वाट सपाट धरली तर एकूण ६.६ किमी. चढ जितक्या कमी अंतरात गोळा झालेला, तितका कर्णाचा परिणाम जास्त. म्हणून तुकडे पाडून काढायचं, सरासरीने नाही.

उतारपाणी
तरी ६०० मीटर उरतातच.

कोकणकडा७
ते वळणांचे. साधा नियम आहे, डोंगरात नकाशावरच्या अंतरात २० टक्के मिळवायचे.

नकाशेवाला
असा ठरावीक टक्का मला मान्य नाही. सोंडेवरून सरळ चढणाऱ्या वाटेला २० टक्के फार होतात, नागमोडी वाटेला अपुरे पडतात. कारण बघा: या प्रिंटवर १ मिमी म्हणजे ७० मीटर. खिंडीखालच्या वाटेची १५-२० मीटरची वळणं पाव मिलिमीटरची होतील, ती काढताच येत नाहीत, म्हणून नकाशात ती सरळ केलेली असतात. दोरा कितीही जपून ठेवलात तरी जे काढलेलंच नाही ते मोजलं जाणार नाही. त्या शेवटच्या दीड किमीत वाट खरोखर किती वळणं घेते यावर सगळं अवलंबून आहे.

सुमेधा_क
आणि जीपीएसचे ७.२ तरी पूर्ण खरे कशावरून? विश्रांतीला थांबलं की बिंदू आजूबाजूला नाचत राहतो आणि ॲप तेही चाललेल्या अंतरात धरतं. कड्याखाली आणि दाट झाडीत जास्त. दोन-तीन ठिकाणी बराच वेळ थांबला असाल तर काही मीटर तिथलेच.

उतारपाणी
काही मीटर, ६०० नव्हे.

नकाशेवाला
ट्रॅक फाइल उघडून शेवटच्या दीड किमीतलं अंतर वेगळं काढलं तर कळेल. तिथेच ६०० मीटर जास्त दिसले तर वळणं. थांबलेल्या जागी रेघांचा गुंता दिसला तर तो जीपीएसचा.

डोंगरवाट
फाइल दुसऱ्या फोनमध्ये आहे, रविवारी बघून सांगतो. आणखी एक. जोडीदाराने वरचा भाग वेगळा छापलाय, त्याच्या तुकड्यात तळ नाही, म्हणजे प्रमाणपट्टीच नाही. शिवाय त्याने ती एका दुकानात रुंदीला ताणून घेतल्यासारखी वाटते. त्याचं प्रमाण कसं काढायचं?

नकाशेवाला
अक्षांशांच्या खुणांवरून. शीटच्या कडेला दर ५ मिनिटांची खूण असते. अक्षांशाची ५ मिनिटं आपल्याकडे ९.२२ किमी भरतात. १:५०,००० ला हे १८.४५ सेंमी. जोडीदाराच्या प्रिंटवर उभं अंतर मोजा आणि ९.२२ ला त्याने भागा, १ सेंमीचे किमी मिळतील.

ताणलंय का ते रेखांशावरून कळेल. रेखांशाची ५ मिनिटं या शीटवर ८.८ किमी आहेत, म्हणजे मूळ कागदावर १७.६ सेंमी. तुमच्या ७१ टक्क्यांच्या प्रिंटवर उभं १३.१ आणि आडवं १२.५ यायला हवं. त्याच्याकडे उभं १३.१ आणि आडवं १३.१ आलं, म्हणजे चौकोन अगदी चौरस दिसला, तर समजा की नकाशा रुंदीला ताणलेला आहे. आपल्या अक्षांशावर तो थोडा उभाच असला पाहिजे. आडवी पट्टी तशा प्रिंटवर फक्त पूर्व-पश्चिम अंतराला लागू पडते, तिरक्या रेघेला ना आडवं प्रमाण चालतं ना उभं.

डोंगरवाट
आत्ताच त्याला मोजायला लावलं. उभं १३.१, आडवं १३.४.

नकाशेवाला
मग आडवं सात टक्के फुगलंय. दिशाही थोड्या बिघडल्या असतील, होकायंत्र लावून त्यावर कोन काढू नका. तुमचीच प्रिंट वापरा, वरच्या भागाची नवीन काढा, आणि या वेळी तळाची पट्टी कापून त्याच पानावर चिकटवूनच छापा.

बांधकरी
काका, साखळी ३३ ची हे मोजणी कार्यालयात विचारलं तर लेखी देतील का?

मोजणीदार_निवृत्त
लेखी द्यायची गरज पडत नाही. गावाच्या मूळ नकाशाची नक्कल मागा, तिच्यावर प्रमाण असतं. झेरॉक्सची झेरॉक्स घेऊ नका, आणि नक्कल हातात आल्यावर त्यावरचा गट परत इंचाने मोजा. दीड आणि १.२ च येतात का ते इथे टाका.